चौदा महिने यार्डात पडून राहिलेला ट्रान्सफॉर्मर: कागद सुकवणं आणि व्हॅक्यूमखाली तेल भरणं

प्रश्न: ५० एमव्हीए, १३२/३३ केव्हीचा नवा ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे चौदा महिने तेलाविना, नायट्रोजनवरच पडून होता. बसवायला घेतला तेव्हा गॅसचा गेज शून्यावर होता. खराब गॅस्केट बदललं, टँकमध्ये कोरडी हवा ०.२ बारवर भरली आणि चोवीस तासांनी ड्यू पॉइंट घेतला. तो उणे १५ आला, कॉइलचं तापमान ३० अंश. कंत्राटदार म्हणतो, १ मिलीबार व्हॅक्यूम चोवीस तास धरू आणि तेल भरून टाकू, तेल तर ८ पीपीएमचं आहे. एवढं पुरेल का? नसेल तर काय करायचं, आणि कागद सुकला हे कळणार कसं?

उत्तर:

नाही पुरणार. आधी कोरडी हवा भरून, चोवीस तास थांबून मग ड्यू पॉइंट घेतलात हे फार बरं केलंत. ते रीडिंग हातात आहे म्हणूनच पुढचं नेमकं बोलता येतं.

आधी त्या उणे १५ चा अर्थ लावू. ड्यू पॉइंट मीटरमधून हवा बाहेरच्या दाबावर वाहते, टँकमध्ये मात्र ती ०.२ बार जास्त दाबाखाली होती. उणे १५ ला बर्फावरचा बाष्पदाब १.६५ मिलीबार असतो. टँकमधला दाब १.२ पट, म्हणून आतल्या वाफेचा दाब जवळपास २ मिलीबार. म्हणजे टँकमधला खरा ड्यू पॉइंट उणे १३ च्या आसपास. फरक दोनच अंशांचा दिसतो, पण रीडिंग सीमेवरचं असतं तेव्हा याच दोन अंशांवर वाद होतात. म्हणून अहवालात ड्यू पॉइंटसोबत टँकचा दाब आणि इन्सुलेशनचं तापमान लिहिलंच पाहिजे. यातलं एक जरी नसलं तर तो आकडा निरुपयोगी आहे.

आता ३० अंशाला २ मिलीबार वाफेशी समतोल साधून बसलेल्या कागदात ओलावा किती असतो? पायपरच्या आलेखावर पाहा किंवा सूत्राने काढा, उत्तर सुमारे २ टक्के येतं. कारखान्यातून निघताना हाच कागद साधारण ०.५ टक्क्यावर असतो. तीस अंशाला ०.५ टक्क्यासाठी टँकमधला ड्यू पॉइंट उणे ३४ च्या जवळ हवा होता, १ टक्क्यासाठी उणे २४. तुम्ही यापैकी कुठेच नाही.

पण याचा अर्थ सगळा कागद २ टक्क्यावर आहे असा लावू नका. ड्यू पॉइंट फक्त पृष्ठभागाचा ओलावा सांगतो. या आकाराच्या यंत्रात कागद आणि प्रेसबोर्ड मिळून काही टन असतात. पाच टन धरले आणि दीड टक्का वाढ सगळीकडे झाली असं मानलं तर ७५ किलो पाणी आत शिरलं, असा हिशोब येतो. एवढं पाणी गॅस्केटच्या फटीतून शिरणं कठीणच. टँकमध्ये मोकळी जागा ३० घनमीटर धरा. दिवसरात्रीच्या तापमानात १५ अंशांचा फरक असला तर रोज सुमारे दीड घनमीटर हवा आतबाहेर होते. तीस अंशाच्या, ७० टक्के दमट हवेत घनमीटरला २१ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे दिवसाला तीसेक ग्रॅम, सहा महिन्यांत पाच-साडेपाच किलो. फट मोठी असेल आणि वारा आरपार खेळत असेल तर याहून जास्त. हे पाणी पातळ बॅरिअर, गुंडाळीचा बाहेरचा कागद आणि जाड प्रेसबोर्डचे वरचे एक-दोन मिलीमीटर यांत बसलेलं असतं. एका परीने ही चांगली बातमी आहे. यंत्र कारखान्यात परत न्यायची वेळ बहुधा येणार नाही, साइटवर सुकवता येईल. वाईट बातमी अशी की गळती जुनी असेल तर पाणी आत सरकलेलं असणार, आणि ते एका झटक्यात बाहेर येत नाही. गेज शून्यावर कधी आला याची नोंद गोदामाच्या वहीत सापडली तर जरूर काढा. पंधरा दिवसांची गळती आणि आठ महिन्यांची गळती, दोन्हींचा पहिला ड्यू पॉइंट सारखा येऊ शकतो, पण सुकवायला लागणारा वेळ अगदी वेगळा.

कंत्राटदार तेलाचे ८ पीपीएम पुढे करतो त्याबद्दल एवढंच सांगतो: तीस हजार लिटर तेलात ८ पीपीएम म्हणजे जेमतेम २०० ग्रॅम पाणी. कागदात किलोंनी पाणी आहे. तेलाच्या रिपोर्टवरून कागदाबद्दल काहीही ठरत नाही.

आता मुख्य मुद्दा, १ मिलीबार व्हॅक्यूमचा. पंप कागदातून पाणी ओढून काढतो अशी समजूत असते. खरं तर पंप फक्त वाफेचा दाब खाली ठेवतो, पाणी कागदातून आपलं आपण बाहेर येतं, आणि तेही टँकमधला वाफेचा दाब कागदातल्या ओलाव्याच्या दाबापेक्षा कमी असेल तोवरच. टँकमध्ये १ मिलीबार आहे आणि त्यातला बहुतेक भाग वाफच आहे असं धरा. ३० अंशाला कागद सुमारे सव्वा टक्क्याच्या खाली उतरणारच नाही, मग चोवीस तास धरा नाहीतर आठवडाभर. तोच १ मिलीबार ६० अंशाला ठेवलात तर समतोल ०.३ टक्क्याच्या आसपास जातो. वर आणखी एक गोष्ट: तेल मुरलेल्या प्रेसबोर्डमध्ये ओलावा सरकण्याचा वेग ३० वरून ७० अंशाला गेल्यावर वीसेक पट होतो. थंड ट्रान्सफॉर्मरवर व्हॅक्यूम धरून बसणं म्हणजे डिझेल जाळणं. तुमच्या कामात उष्णता हाच खरा प्रश्न आहे, व्हॅक्यूम नंतर.

गरम करायला साइटवर सगळ्यांत सोयीचं साधन म्हणजे फिल्टर मशीन आणि गरम तेल. काही जण विचारतात की तेल भरलं तर कागद आणखी भिजून सुकायला उशीर नाही का होणार? कोरा कागद तेल मुरलेल्या कागदापेक्षा लवकर सुकतो हे खरं. पण हा ट्रान्सफॉर्मर कारखान्यात तेल भरूनच टेस्ट झालेला आहे, नंतर तेल काढून गॅसवर पाठवलाय. कागद आधीच मुरलेला आहे, त्यामुळे त्या भीतीला इथे फारसा अर्थ नाही.

क्रम असा ठेवा. रेडिएटरचे वरचे-खालचे व्हॉल्व बंद करा, नाहीतर मशीनची सगळी उष्णता रेडिएटरच बाहेर फेकतील. टँकला ताडपत्री किंवा ग्लासवूलच्या रजया गुंडाळा. टँकमध्ये जो व्हॅक्यूम मिळतो त्याखालीच तेल भरा, कोअर आणि कॉइल बुडेपर्यंत, आणि मशीनमधून निघणारं तेल ६५ ते ७० अंशांवर ठेवून फिरवत राहा. परत येणारं तेल ६० ला पोचलं की काम झालं असं समजू नका. तेल तापलं तरी तांबं आणि जाड प्रेसबोर्ड मागे राहतात. वाइंडिंगचं तापमान तिच्या रेझिस्टन्सवरून काढा. समजा ३० अंशाला एचव्ही वाइंडिंग ०.६०० ओहम होती. तांब्यासाठी (२३५ + नवं तापमान) भागिले (२३५ + जुनं तापमान) हे गुणोत्तर घ्यायचं. ६२ अंशाला ते २९७ भागिले २६५, म्हणजे १.१२ येतं, आणि रेझिस्टन्स ०.६७२ ओहम दिसायला हवा. हे मापन तेल आत असतानाच करायचं, कारण पुढे व्हॅक्यूमच्या वेळी वाइंडिंगला हात लावायचा नाही.

वाइंडिंग ६० च्या पुढे गेली आणि काही तास तिथेच टिकली की तेल शक्य तितक्या लवकर काढा. जागा भरायला कोरडी हवाच आत घ्या, बाहेरची नाही. टँक रिकामा झाला की लगेच व्हॅक्यूम. इथे वेळ दवडला तर कमावलेली उष्णता जाते. रात्री तेल काढून ठेवायचं आणि पंपवाला सकाळी येणार, असं नियोजन असेल तर तो हीट सायकल फुकट गेला म्हणून समजा. पाणी वाफ होताना कागदाचीच उष्णता घेतं, त्यामुळे व्हॅक्यूमखाली कागद हळूहळू थंड होतो आणि काही तासांनी पाणी येणं मंदावतं. ते मंदावलं म्हणजे कागद सुकला असं नव्हे, बऱ्याचदा तो फक्त गार झालेला असतो. म्हणून तेलाने परत तापवायचं, काढायचं, व्हॅक्यूम. तुमच्या २ टक्क्यांना एका फेरीत काम होईल असं मी धरणार नाही, दोन-तीन फेऱ्यांची तयारी ठेवा.

पंपाच्या क्षमतेबद्दल एक हिशोब सांगतो, कारण निविदेत इथेच काटकसर होते. एक किलो पाण्याची १ मिलीबारला, ३० अंशाला वाफ होते सुमारे १४०० घनमीटर. ताशी १००० घनमीटरचा बूस्टर त्या दाबावर उत्तमात उत्तम चालला तरी तासाला पाऊण किलोच्या आतच पाणी नेणार. आणि तेही होज मोठा असेल तर. फिल्टर मशीनचाच छोटा पंप इंचभर जाडीच्या होजने जोडला तर पंपापाशी गेज ०.५ मिलीबार दाखवेल आणि टँकमध्ये ३ असेल. व्हॅक्यूमचा होज निदान १०० मिलीमीटरचा, शक्य तितका आखूड, आणि गेज टँकवर, पंपाच्या जोडापासून लांब. रोटरी पंपाचा गॅस बॅलास्ट उघडा ठेवा. पंपाचं तेल दुधाळ झालं की त्यात पाणी मिसळलंय, मग तो पंप खाली जाऊच शकत नाही. तेल बदला. तुमच्या कामात ते एकदा तरी बदलावं लागेल.

गेज कोणता, हेही विचारा. जुन्या क्रूकडे पाऱ्याचा मॅक्लाऊड गेज असतो. तो वायू दाबून मोजतो, आणि दाबताना पाण्याची वाफ द्रवरूप होऊन हिशोबातून निघून जाते. ओल्या ट्रान्सफॉर्मरवर तो सुंदर ०.३ दाखवतो, कारण तो उरलेली हवा मोजतोय, वाफ नव्हे. नेमकी जी गोष्ट पाहायची तीच तो लपवतो. पिरानी गेजची तऱ्हा वेगळी, वाफ जास्त असली की तो थोडं जास्त दाखवतो. कपॅसिटन्स गेज मिळाला तर तोच लावा, त्याला वायू कोणता याच्याशी देणंघेणं नसतं.

व्हॅक्यूम चढवण्याआधी दोन गोष्टींची खात्री करा. टॅप चेंजरचा डायव्हर्टर कप्पा आणि मुख्य टँक यांना जोडणारा बरोबरीचा पाइप लावलाय ना? तो विसरला तर मधल्या इन्सुलेटिंग सिलिंडरवर एका बाजूने वातावरणाचा दाब आणि दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम येतो आणि तो फुटतो. आणि कॉन्झर्व्हेटर, रेडिएटर पूर्ण व्हॅक्यूम सोसणारे आहेत का हे ड्रॉइंगवर पाहा, नसतील तर वेगळे काढा. एअर सेल असेल तर तिच्या आतला-बाहेरचा दाब सारखा ठेवावा लागतो.

व्हॅक्यूम असताना मेगरसुद्धा लावायचा नाही. कमी दाबाच्या वायूची विद्युत ताकद इतकी घसरते की वातावरणात क्षुल्लक वाटणारा व्होल्टेजही आत ठिणगी पाडू शकतो. उलट सगळी बुशिंग एकत्र शॉर्ट करून अर्थ करा, कारण कोरडं गरम तेल कागदावरून वाहताना स्थिर वीज साठते. आणि टँकमध्ये माणूस उतरणार असेल तर नायट्रोजन पूर्ण घालवून, कोरड्या हवेने धुवून, ऑक्सिजन मीटरवर १९.५ टक्क्यांच्या वर पाहिल्याशिवाय नाही. नायट्रोजनला वास नसतो, घुसमट होत नाही, माणूस सरळ कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सुकला हे कळणार कसं. दोन खुणा आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिली, पंप बंद करून दाब कसा चढतो ते पाहणं. व्हॉल्व बंद करा आणि दर पाच मिनिटांनी दाब लिहा, निदान अर्धा तास. गळती असेल तर आलेख सरळ रेषेत चढतच राहतो, कारण बाहेरचा दाब बदलत नाही. ओलावा असेल तर आधी भरभर चढतो आणि मग वाकून आडवा होऊ लागतो, कारण वाफ समतोलाच्या दाबापलीकडे जात नाही. तीस अंशाला २ टक्के कागद असेल तर ती पातळी २ मिलीबारच्या आसपास, ०.५ टक्के असेल तर पाव मिलीबार. आकडा काढायचा तर असा:

Q = V × Δp / Δt

टँक ३०,००० लिटर, अर्ध्या तासात दाब ०.८ वरून १.६ मिलीबार झाला, तर ०.८ गुणिले ३०,००० भागिले १८०० सेकंद, म्हणजे १३ मिलीबार-लिटर प्रति सेकंद. मर्यादा किती ते उत्पादकाच्या पुस्तकात असतं, तेच धरा. पण नुसता एक आकडा अहवालात पाहून सही करू नका, आलेखाचा आकार मागा. फट शोधायची तर तेल भरण्याआधी, टँकमध्ये थोडी कोरडी हवा दाबून साबणाच्या पाण्याने शोधा. व्हॅक्यूमखाली तेल भरताना फट राहिली तर हवेचे बुडबुडे थेट तेलात येतात.

दुसरी खूण पुन्हा ड्यू पॉइंटच, पण घाई न करता. शेवटच्या व्हॅक्यूमनंतर उणे ५० किंवा त्याहून कोरड्या हवेने टँक ०.२ बारपर्यंत भरा. लगेच मोजलंत तर तुम्ही भरलेल्या हवेचाच ड्यू पॉइंट मिळेल, कागदाचा नाही, आणि तो अर्थातच फर्स्ट क्लास असेल. चोवीस तासांनी मोजा, मग आणखी चोवीस तासांनी. दोन्ही रीडिंग तापमानाचा फरक धरून सारखी आली तर कागद आणि हवा समतोलात आहेत. दुसरं रीडिंग ओलं येत असेल तर आतल्या थरांतून पाणी अजून येतंय, आणखी एक फेरी घ्यावी लागेल. तुमच्या बाबतीत असं समजा की शेवटी इन्सुलेशन ४० अंशांवर आहे आणि मीटर उणे २९ दाखवतो. बर्फावरचा दाब ०.४२ मिलीबार, गुणिले १.२ म्हणजे ०.५ मिलीबार, आणि ४० अंशाला त्याचा कागद ०.५ टक्क्याच्या किंचित खाली. इथे तेल भरायला मी हरकत घेणार नाही. तेच उणे २९ इन्सुलेशन २० अंशावर असताना आलं असतं तर कागद १.३ टक्क्याच्या आसपास असता. म्हणून इन्सुलेशनचं तापमान अंदाजाने लिहू नका. दुपारी टँकचा पत्रा ५० ला असतो आणि आतली कॉइल ३५ ला. वाइंडिंग रेझिस्टन्सच काढा, आणि मोजणी पहाटे करा, तेव्हा आतबाहेर फरक सगळ्यांत कमी असतो.

हे जमल्यावर भरणं तसं सरळ आहे. पुन्हा व्हॅक्यूम, १ मिलीबारच्या खाली, उत्पादक सांगेल तितके तास. तेल आधी वेगळ्या टाकीत फिल्टर करून ठेवा: २.५ मिलीमीटर गॅपवर ६० केव्हीच्या वर, पाणी १० पीपीएमच्या आत, आणि वायू नीट काढलेला. वायूचा मुद्दा लोक विसरतात. तेलात विरघळलेली हवा जास्त असेल तर टँकच्या व्हॅक्यूममध्ये शिरताच ते फेसाळतं. होजमधलं पहिलं तेल बाहेर काढून टाका, त्यात होजची हवा आणि घाण असते. मग ५० ते ६० अंशाचं तेल खालच्या व्हॉल्वमधून, सावकाश, पंप चालू ठेवून. वेग टँकच्या गेजवर ठरवा. भरताना दाब चढू लागला की वेग कमी करा, आकड्यामागे धावू नका. तेल कोअर-कॉइलच्या वर गेलं तरी व्हॅक्यूम काही तास तसाच ठेवा, म्हणजे कागदाच्या सुरकुत्यांत आणि पट्ट्यांमधल्या फटींत तेल शिरतं. यंत्र इतके महिने तेलाविना होतं, त्यामुळे बराच भाग निथळून कोरडा पडलेला असणार, त्याला पुन्हा मुरायला वेळ लागतो. व्हॅक्यूम तोडायचा तोही कोरड्या हवेनेच.

मग कॉन्झर्व्हेटरपर्यंत तेल पोचवा, रेडिएटर उघडा, आणि गरम तेल फिरवून टँकचं सगळं तेल दोन-तीनदा मशीनमधून जाऊ द्या. बुखोल्झ रिले, बुशिंगचे टरेट, रेडिएटरची डोकी, सगळीकडून हवा काढा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा. १३२ केव्हीला निदान चोवीस तास शांत ठेवल्याशिवाय व्होल्टेज नको. मी तुमच्यासारख्या प्रकरणात दुप्पट ठेवतो. मग इन्सुलेशन रेझिस्टन्स, टॅन डेल्टा, तेलाचा नमुना, आणि विरघळलेल्या वायूंचा पहिला रिपोर्ट, जो पुढे कायम तुलनेला लागेल. टॅन डेल्टाची तुलना कारखान्याच्या आकड्याशी, त्याच तापमानाला आणून करा. पोलरायझेशन इंडेक्स कमी आला म्हणून घाबरू नका, नव्या, कोरड्या तेलाच्या यंत्रात तो बऱ्याचदा फसवा असतो.

हे सगळं सुरू करण्याआधी उत्पादकाला गेज शून्य असल्याचं आणि पहिल्या ड्यू पॉइंटचं लेखी कळवा आणि सुकवण्याची पद्धत त्यांच्याकडून मान्य करून घ्या. गॅसवर साठवण्याची मुदत बहुतेकांच्या पुस्तकात काही महिन्यांचीच असते, त्यानंतर तेल भरून ठेवा असं लिहिलेलं असतं. चौदा महिने त्यात बसणार नाहीत, आणि वॉरंटीचा वाद पुढे जाऊन हाताळण्यापेक्षा आता हाताळलेला स्वस्त पडतो. वाहतुकीच्या इम्पॅक्ट रेकॉर्डरची नोंदही याच पत्रासोबत मागून घ्या.

चार्ज केल्यावर पहिला तेलाचा नमुना भाराने यंत्र तापल्यानंतर घ्या, आणि नमुन्याच्या वेळचं तेलाचं तापमान बाटलीवर लिहा. थंड यंत्रात पाणी कागदाला चिकटून बसतं आणि तेल ५ पीपीएम दाखवतं. यंत्र महिनाभर ६० अंशांवर चाललं आणि तेच तेल २५ पीपीएम झालं, तर मशीन पुन्हा लावून तेल फिल्टर केल्याने आकडा तात्पुरता खाली येईल आणि काही आठवड्यांत परत चढेल. तसं दिसलं तर तेलाच्या मागे न लागता कागदाच्या ओलाव्याचा हिशोब पुन्हा मांडा.